प्रश्नपत्रिकेतला µ हरवला आणि बरोबर उत्तर चूक ठरलं



आजचा विषय वाचून काहींना वाटेल, प्राथमिकच्या बाईंना फॉन्टशी काय देणंघेणं? मलाही आधी तसंच वाटायचं. फॉन्ट म्हणजे सजावट, शीर्षक जरा उठून दिसावं एवढ्यापुरता. पण आठवीच्या एका सराव चाचणीने माझं मत बदललं. त्या चाचणीत बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी स्वतःच्या लाल पेनाने चूक दिली होती, आणि कारण होतं एका अक्षराचा फॉन्ट.

घडलं ते असं

एनएमएमएसच्या सरावासाठी मी गणित आणि विज्ञानाचे प्रश्न काढले होते. एक प्रश्न असा होता: प्रौढ व्यक्तीला रोज सुमारे 150 µg आयोडीन लागतं, तर ३० दिवसांत किती mg लागेल? पर्याय होते 4.5 mg, 45 mg, 450 mg आणि 4500 mg. µg म्हणजे मायक्रोग्रॅम, ग्रॅमचा दहा लाखावा भाग. mg म्हणजे मिलिग्रॅम, ग्रॅमचा हजारावा भाग. 150 ला 30 ने गुणलं की 4500 µg येतात, हजाराने भागलं की 4.5 mg. म्हणजे पहिला पर्याय बरोबर. गुणाकार येतो का आणि एकक बदलता येतं का, या दोन्ही गोष्टी तपासणारा प्रश्न, म्हणून मला तो आवडलाही होता.

फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. पेपर अडीच पानांचा होत होता. दुकानातल्या मुलाने मदत म्हणून सगळा मजकूर एकदम निवडला, फॉन्ट बदलला, आकार थोडा कमी केला आणि पेपर दोन पानांत बसवून दिला. मीही खूश झाले. कागद वाचला, पण आपणच लिहिलेलं आपण वाचतो कुठे? आठवतो.

परीक्षेच्या वेळी पाच मिनिटांत पहिला हात वर आला. "बाई, परिघाच्या सूत्रात p म्हणजे किती घ्यायचा?" पाहिलं तर 2πr च्या जागी 2pr छापलं होतं. टायपिंगची चूक आहे, p च्या जागी पाय वाचा, असं फळ्यावर लिहून दिलं आणि विषय संपला, असं मला वाटलं.

तपासलेले पेपर दिल्यावर एक मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली. वर्गात फारशी न बोलणारी. म्हणाली, "बाई, 150 गुणिले 30 म्हणजे 4500 च ना? मग माझं चूक कसं?" मी तिला समजवायला लागले, अगं एकक बदलायचं होतं ना. तिने पेपर पुढे केला. त्यावर स्वच्छ छापलं होतं: 150 mg. µ गेला होता आणि त्याच्या जागी m आला होता.

म्हणजे ज्या मुलांनी माझा पेपर नीट वाचून 4500 mg हा पर्याय निवडला, त्यांचे गुण मी कापले होते. आणि ज्यांना 4.5 चे गुण मिळाले, त्यांनी एक तर अंदाजाने खूण केली होती किंवा वर्गात सांगितलेलं आठवून उत्तर दिलं होतं. मी गुण दुरुस्त केले. पण ती विचारायला आली नसती तर? बाकीची मुलं आलीच नव्हती. आपलंच चुकलं असं धरून ती गप्प बसली होती.

p सापडला, m सापडला नाही

या प्रसंगात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की एकाच पेपरात, एकाच कारणाने दोन चिन्हं बिघडली, पण एक पाच मिनिटांत पकडलं गेलं आणि दुसरं निकालापर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. 2pr वाचून मूल अडखळतं, कारण p ला तिथे काही अर्थ नाही. 150 mg वाचून कुणी अडखळत नाही, कारण mg हे खरंखुरं एकक आहे. वाक्य बरोबर, एकक बरोबर, फक्त किंमत हजारपट.

हे का होतं ते समजून घ्यायला मराठी शिक्षकाला फार कष्ट पडू नयेत, कारण आपण सगळे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या काळातून आलो आहोत. त्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरं आणि खुणा. पडद्यावर त्यांना मराठी अक्षराचं रूप द्यायचं काम फॉन्ट करायचा. ज्या संगणकावर तो फॉन्ट नसे तिथे फाइल उघडली की सगळा चिवडा दिसायचा.

वर्डमध्ये Symbol नावाचा एक जुना फॉन्ट असतो. तो ग्रीक अक्षरांच्या बाबतीत नेमकं हेच करतो. m टाइप करून त्याला Symbol फॉन्ट लावला की μ दिसतो. p ला लावला की π, q ला θ, r ला ρ, D ला Δ, आणि मोठ्या W ला लावला की Ω. मला ही युक्ती नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याने शिकवली होती आणि मी ती वर्षानुवर्षं वापरत होते. पण आत ठेवलेलं अक्षर m च होतं. μ हा त्याच्या अंगावरचा नुसता कपडा होता. दुकानातल्या मुलाने कपडा बदलला आणि आतला m बाहेर आला. त्याची काही चूक नाही.

श्रीलिपीची फाइल बिघडली की आख्खं पान ओरडून सांगतं, मी बिघडले आहे. Symbol बिघडला की पान गप्प राहतं. वरच्या वर्गांत तर 10 Ω रोधाचा 10 W होतो, म्हणजे ओहमचा वॅट, आणि वॅट हेही विजेच्या पाठात येणारं खरं एकक. घनतेचा ρ बिघडून r झाला तर मूल तो त्रिज्या म्हणून वाचणार. औषधांच्या क्षेत्रात µg आणि mg यांची गल्लत इतकी धोक्याची मानतात, की औषध-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्था µg ऐवजी mcg लिहायला सांगतात. आपल्याकडे फक्त गुण जातात, पण चूक तीच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: Symbol फॉन्ट शाळेच्या कागदपत्रांतून कायमचा काढून टाकावा. चिन्हाचा अर्थ साठवलेल्या अक्षरातच असला पाहिजे. फॉन्ट बदलला तर त्याचं वळण बदलावं, ओळख बदलू नये.

खरा µ आणि खरा π आणायचा कसा?

युनिकोडमध्ये प्रत्येक ग्रीक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, जसा आपल्या "क" ला आहे. वर्डमध्ये तो क्रमांक टाइप करून लगेच Alt आणि X दाबलं की ते अक्षर हजर होतं. मी ही यादी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे:

```
03C0  Alt+X   π
03BC  Alt+X   μ
03A9  Alt+X   Ω
03B8  Alt+X   θ
03C1  Alt+X   ρ
00B0  Alt+X   °
00B2  Alt+X   ²
00D7  Alt+X   ×
```

यात दोन ठिकाणी फसायला होतं. एक, कीबोर्ड मराठीवर असेल तर हे चालत नाही. आधी इंग्रजीवर या. दुसरं, क्रमांकाच्या आधी चिकटून दुसरा आकडा नको. 2π लिहायचं म्हणून 2 च्या मागोमाग 03C0 टाइप केलं तर वर्ड 203C0 असा एकच क्रमांक वाचतं आणि भलतंच चिनी अक्षर किंवा रिकामी चौकट देतं. म्हणून मी आधी मोकळ्या जागी π करून घेते आणि मग त्याच्या आधी 2 लिहिते.

यादीतली °, ² आणि × ही चिन्हं ग्रीक नाहीत, तरी मुद्दाम घेतली आहेत. अंश दाखवायला आपल्यापैकी बरेच जण शून्य लिहून ते वर उचलतात. वर्ग दाखवायला 2 लिहून तो वर उचलतात. दिसायला ठीक, पण आत पुन्हा तीच गोष्ट. हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पालकांच्या गटात चिकटवला की उचललेलं शून्य खाली येतं आणि 30° चा कोन 300 होतो, 5² चे 52 होतात. इथेही बिघडलेला आकडा खराच वाटतो. ° आणि ² ही स्वतंत्र अक्षरं वापरली की ती कुठेही न्या, तशीच राहतात. गुणाकारासाठी इंग्रजी x वापरण्याची सवयही मोडायला हवी, कारण सातवी-आठवीत बीजगणित सुरू झालं की तोच x चल म्हणून येतो आणि 3 x x हे मुलांनी कसं वाचायचं?

एकसारखे दिसणारे दोन µ

इथे एक बारीक गोष्ट. युनिकोडमध्ये µ दोन आहेत. एक 00B5, हा "मायक्रो" या अर्थाचा जुना क्रमांक. दुसरा 03BC, हे ग्रीक अक्षर म्यू. तसेच Ω ही दोन: 2126 हे ओहमचं चिन्ह आणि 03A9 हे ग्रीक अक्षर ओमेगा. पडद्यावर दोन्ही बहुतेक वेळा सारखीच दिसतात, मग फरक काय पडतो?

फरक पडतो तो सारखेपणात. काही फॉन्टमध्ये 00B5 असतो, पण ग्रीक अक्षरं नसतात. मग एका ओळीतला µ त्या फॉन्टमधून येतो आणि दुसऱ्या ओळीतला μ संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसना आणतो. एक बारीक, एक जाड. चौकस मूल विचारतंच, ही दोन वेगळी चिन्हं आहेत का? शिवाय शोधताना एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असं नाही, आणि दुरुस्ती अर्धवट राहते.

उपाय सोपा आहे, एकच ठरवा. युनिकोडचीही शिफारस नव्या लिखाणात ग्रीक अक्षरच वापरावं अशी आहे, म्हणून मी 03BC आणि 03A9 हेच घेते. जुन्या फाइलमध्ये दुसरे असतील तर शोधा-बदला करून एकदाच सगळे बदलून घेते.

मग फॉन्ट कोणता?

अक्षर खरं झालं, आता त्याचं रूप. इथे माझ्या दोनच अपेक्षा असतात. वेगवेगळी चिन्हं वेगळी दिसावीत आणि एकच चिन्ह सगळीकडे सारखं दिसावं.

पहिल्या अपेक्षेसाठी एक कसोटीची ओळ करून ठेवली आहे. नवा फॉन्ट वापरण्याआधी ही ओळ पेपरच्याच आकारात छापते आणि तिची झेरॉक्स काढते, कारण मुलांच्या हातात झेरॉक्सच जाते:

```
1 l I   0 O o   a α   v ν   u μ   p ρ   w ω   x ×   - −
```

Arial मध्ये छापली की लगेच कळतं, छोटा l आणि मोठा I दोन्ही नुसत्या उभ्या रेषा. लहान मुलांसाठी आपल्याला Comic Sans किंवा Century Gothic आवडतात, कारण त्यांतला a आपण मुलांना गिरवायला देतो तसा असतो, गोल आणि शेजारी काठी. पहिलीच्या इंग्रजीला ते छानच. पण विज्ञानात तोच a α च्या फार जवळ जातो. म्हणजे फॉन्ट चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, तो कोणत्या पानावर आहे हे महत्त्वाचं. l आणि 1 ची गल्लत तर जगभर इतकी झाली, की १९७९ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लीटरसाठी l च्या जोडीला मोठा L वापरायलाही मान्यता दिली. मी 1 l न लिहिता 1 L लिहिते ते म्हणूनच.

दुसऱ्या अपेक्षेसाठी आपल्या कागदाची घडण लक्षात घ्या. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या एका ओळीत देवनागरी, रोमन आणि ग्रीक अशा तीन लिप्या असतात. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये ग्रीक अक्षरं नसतात आणि ग्रीक असलेल्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते. आपण काही ठरवलं नाही तर ठरवायचं काम संगणक करतो, आणि तो दर वेळी सारखंच ठरवेल याची खात्री नाही. वर्डमध्ये Ctrl आणि D दाबलं की फॉन्टची खिडकी उघडते. तिथे रोमनसाठी एक रकाना असतो आणि Complex scripts या नावाचा दुसरा. देवनागरी या दुसऱ्या रकान्यात येते. दोन्ही ठिकाणी फॉन्ट आणि आकार वेगवेगळे ठरवता येतात. देवनागरी लहान दिसत असेल तर फक्त तिचा आकार वाढवा.

माझी सध्याची जोडी अशी: देवनागरीसाठी Nirmala UI, रोमन आणि ग्रीकसाठी Cambria, आणि समीकरणांसाठी Cambria Math. Cambria घेण्याचं कारण सौंदर्य नाही. वर्डची समीकरणाची चौकट आपोआप Cambria Math वापरते आणि तो Cambria चाच भाऊ आहे. त्यामुळे वाक्यातला θ आणि समीकरणातला θ एकाच घरचे वाटतात. मजकूर Arial मध्ये आणि समीकरण Cambria Math मध्ये असं केलं की एकच चिन्ह दोन तोंडांनी समोर येतं. वर्ड नसेल तर STIX Two Text आणि STIX Two Math ही जोडी मोफत मिळते. फक्त एक सांभाळा: Cambria Math साध्या मजकुराला लावू नका, ओळींमधलं अंतर अवाच्या सवा वाढतं.

तिरपा m आणि उभा m

आता थोडं पुढच्या वर्गांचं, पण पाया आपल्याकडेच पडतो. विज्ञानात अक्षरं कमी आणि कामं जास्त. m म्हणजे वस्तुमानही आणि मीटरही. W म्हणजे कार्यही आणि वॅटही. V म्हणजे विभवांतरही आणि व्होल्टही. g म्हणजे गुरुत्व त्वरणही आणि ग्रॅमही. यावर ठरलेला आंतरराष्ट्रीय नियम असा, की राशीचं चिन्ह तिरपं छापायचं आणि एककाचं उभं. आजूबाजूचा मजकूर कसाही असला तरी एकक उभंच. म्हणून *V* = 6 V यात डावीकडचा तिरपा V ही राशी आणि उजवीकडचा उभा V हे एकक.

वर्डची समीकरणाची चौकट Alt आणि = दाबलं की उघडते. ती चौकट सगळीच रोमन अक्षरं तिरपी करते. राशींसाठी ते बरोबर, पण एककं आत लिहिली की तीही तिरपी होतात आणि मीटर वस्तुमानासारखा दिसू लागतो. एकक अवतरण चिन्हांत टाकलं की ते उभं राहतं. हे असं टाइप करून शेवटी स्पेसबार दाबायचा:

```
v="20 m"/"4 s"="5 m/s"
```

अवतरण चिन्हं निघून जातात, अपूर्णांक नीट मांडला जातो, v तिरपा राहतो आणि m, s उभे. मात्र या चौकटीत मराठी शब्द टाकू नका. "वेग" हा शब्द बाहेर साध्या मजकुरात लिहावा, कारण Cambria Math मध्ये देवनागरी नाही आणि पुन्हा उसनवारी सुरू होते.

इथे कुणी मला पकडेल की बाई, तुम्हीच म्हणालात अर्थ कपड्यात नको, आणि तिरपेपणा हा कपडाच नाही का? बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर गेला की वाक्यातला तिरपेपणाही जातो. म्हणून मी त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहत नाही. पहिल्यांदा चिन्ह येतं तिथे शब्द जोडते, "वस्तुमान *m*", आणि संख्या व एकक यांत एक जागा सोडते. ती जागा Ctrl, Shift आणि स्पेसबार यांनी दिली की ओळ संपली तरी 5 आणि m एकमेकांपासून तुटत नाहीत.

आपल्या मराठी एककांचं काय?

पहिली ते पाचवीत मी एककं देवनागरीतच लिहिते: सेमी, किग्रॅ, मिली. मुलांच्या जिभेवर तेच शब्द असतात. पण इथेही फॉन्ट बघावा लागतो, कारण आपल्या एककांचा अर्थ वेलांटीवर उभा असतो. "मि." म्हणजे मिनिट आणि "मी" म्हणजे मीटर. लहान आकारात, फिकट झेरॉक्सवर ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी सारखीच दिसली तर "१० मि." आणि "१० मी" यांत मुलाने काय फरक करायचा? ज्या फॉन्टच्या वेलांट्या वरती गिचमिड करतात तो मापनाच्या पाठाला घेऊ नये. शंका असेल तर सरळ "मिनिटे" असं पूर्ण लिहावं.

दुसरी सवय म्हणजे आकडा एका लिपीत आणि एकक दुसऱ्या लिपीत. "१ kg" वाचताना नुकतीच रोमन वाचू लागलेली मुलं १ ला 9 समजतात, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. देवनागरीतला एक आणि रोमनमधला नऊ यांचं वळण खरोखरच जवळचं आहे. म्हणून माझा नियम असा: आकडा आणि एकक एकाच लिपीत. "१ किग्रॅ" किंवा "1 kg". आणि एका प्रश्नपत्रिकेत शेवटपर्यंत एकच पद्धत.

छापायला देण्याआधी

आता मी दोन गोष्टी केल्याशिवाय पेपर छापायला देत नाही. पहिली, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवते. नोटपॅड फॉन्ट, तिरपेपणा, वर उचललेले आकडे, सगळे कपडे उतरवतं. तिथे μ चा μ दिसला, 30° ला 30° दिसलं, तर अक्षर खरं. m, चौकट किंवा 300 दिसलं तर तिथे कपडाच होता. आयोडीनचा तो प्रश्न मी नंतर असाच तपासला. अर्ध्या मिनिटात दिसलं असतं: 150 mg.

दुसरी, दुकानात वर्डची फाइल देतच नाही, पीडीएफ देते. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जातात आणि पाने कमी करण्यासाठी कुणी सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलू शकत नाही. जागा पुरत नसेल तर ते काम घरी माझं मी करते आणि त्यानंतर नोटपॅडची तपासणी पुन्हा एकदा.

काही जण म्हणतील, एवढ्या भानगडीपेक्षा जागा सोडून पेनाने µ लिहिला तर? माझं उत्तर आहे, अवश्य लिहा. हाताने लिहिलेला µ Symbol फॉन्टमधल्या µ पेक्षा शंभरपट भरवशाचा, कारण तो दुकानात जाऊन m होत नाही. फक्त त्याचं डावीकडचं शेपूट खाली नीट ओढा, नाहीतर तो u दिसतो.

पालकांनाही एक सांगते. मुलाच्या पेपरात उत्तर हजारपटीने चुकलेलं दिसलं, पण आकडेमोड बरोबर असली, तर मुलाला रागावण्याआधी छापलेला प्रश्न वाचा आणि तो घेऊन शाळेत या. माझ्या वर्गातली ती मुलगी दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आली नव्हती, एकटीच आली होती. तिचा तो पेपर मी तिच्याकडून मागून घेतला आहे. पुढच्या चाचणीचे प्रश्न टाइप करायला बसते तेव्हा तो समोर असतो.